अमेरिकेतील विद्यापीठाकडून आलेली ‘अकॅडेमिक प्रोबेशन’ची सूचना : ती कशी वाचावी आणि उत्तरात काय लिहावे

प्रश्न : सर, मी मूळचा नाशिकचा असून अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात संगणकशास्त्रात एम.एस. करत आहे. पहिल्या सत्रात नऊ क्रेडिटचे तीन विषय घेतले होते. त्यांत बी, बी मायनस आणि सी प्लस अशा श्रेणी मिळाल्या. आता ग्रॅज्युएट स्कूलकडून प्रोबेशनची ईमेल आली आहे आणि दहा दिवसांत लेखी योजना मागितली आहे. माझा व्हिसा जाईल का? पुढच्या सत्रात दोनच विषय घेतले तर सोपे होईल का? उत्तरात नेमके काय लिहू?

उत्तर :

व्हिसाची चिंता आधी दूर करतो, कारण ती डोक्यात असताना पत्र नीट वाचून होत नाही. प्रोबेशन ही विद्यापीठाची अंतर्गत शैक्षणिक स्थिती आहे. तुम्ही पूर्णवेळ नोंदणी कायम ठेवून वर्गांना जात असाल, तर नुसत्या प्रोबेशनमुळे एफ-१ हा विद्यार्थी दर्जा संपत नाही आणि सेविस या सरकारी विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतील तुमची नोंदही रद्द होत नाही. विद्यापीठाने निलंबित केले किंवा काढून टाकले, तर मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याला, म्हणजे डीएसओला, ते सेविसमध्ये कळवावेच लागते. म्हणून पहिले काम असे की ईमेलमध्ये ‘वॉर्निंग’, ‘प्रोबेशन’, ‘सस्पेन्शन’ आणि ‘डिसमिसल’ यांपैकी नेमका कोणता शब्द आहे ते पाहावे. डिसमिसलच्या पत्राला अपील करतात आणि त्यात निर्णय बदलण्याची विनंती असते. प्रोबेशनच्या पत्राला योजना पाठवतात. पदव्युत्तर समितीवर असताना मी अशी अनेक उत्तरे वाचली. त्यांतली कितीतरी अपिलाच्या सुरात लिहिलेली असत, दोन पाने क्षमायाचना आणि विनवण्या असत, पण समितीने जे विचारलेले असे त्याचे उत्तर त्यांत सापडत नसे.

आता ते पत्र कागदावर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. अशा पत्रातला बराचसा मजकूर ठरावीक असतो. तुमचे भवितव्य ठरवणारी वाक्ये तीन-चारच असतात आणि ती सहसा मधल्या परिच्छेदात असतात.

पहिले वाक्य सरासरीचे. ‘क्युम्युलेटिव्ह’ जीपीए ३.० झाला पाहिजे असे लिहिले आहे, की पुढच्या सत्राचा ‘टर्म’ जीपीए ३.० असला पाहिजे असे लिहिले आहे, हे शब्दाशब्दाने वाचा. क्युम्युलेटिव्ह म्हणजे आजवरच्या सर्व विषयांची मिळून सरासरी आणि टर्म म्हणजे फक्त त्या सत्राची. तुमच्या श्रेणी पाहता या दोहोंत मोठे अंतर आहे. सगळ्या विषयांत बी मिळाला तर टर्मची अट पुरी होते, क्युम्युलेटिव्हची होत नाही. काही पत्रांत दोन्ही अटी एकत्र असतात : टर्म जीपीए ३.० राखल्यास प्रोबेशन आणखी एक सत्र चालू राहील आणि क्युम्युलेटिव्ह ३.० झाल्यावरच ते उठेल. हे वाक्य तुमच्या पत्रात असेल तर तुमच्या हातात एक सत्र नसून दोन सत्रे आहेत आणि त्याने सगळी योजना बदलते.

दुसरे वाक्य मुदतीचे. ‘पुढील सत्राअखेर’ आणि ‘पुढील नऊ क्रेडिट पूर्ण होईपर्यंत’ या एकच गोष्टी नाहीत. उन्हाळी सत्र यात धरले जाते का, हेही पाहावे लागते. पत्रात स्पष्ट नसेल तर ग्रॅज्युएट स्कूलला एका ओळीची ईमेल पाठवून विचारा आणि त्यांचे लेखी उत्तर जपून ठेवा. तिसरे वाक्य नोंदणीवरील अडथळ्याचे, ज्याला तिथे ‘होल्ड’ म्हणतात. सल्लागाराने योजनेवर सही केल्याशिवाय नोंदणी उघडणार नाही, किंवा आधी केलेली नोंदणी गोठवली आहे, असे त्यात असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की तुमची खरी मुदत दहा दिवसांची नसून सल्लागार भेटेल त्या दिवसापर्यंतची आहे. डिसेंबरच्या अखेरीस श्रेणी लागतात, पत्र येते आणि त्याच सुमारास प्राध्यापक सुट्टीवर असतात. तेव्हा भेटीची वेळ आजच मागा. चौथे वाक्य शोधावे लागते, कारण ते अनेकदा पत्रात नसून विभागाच्या विद्यार्थी-पुस्तिकेत असते : गाभ्याच्या विषयात किमान कोणती श्रेणी लागते आणि सी प्लस पदवीसाठी मोजली जाते की नाही. सरासरी सावरली तरी ज्या विषयात सी प्लस आहे तो विषय पुन्हा करावा लागेल, अशी स्थिती असू शकते.

यानंतर आकडेमोड करायची. ती स्वतःच्या हाताने करावी, कारण माझ्या अनुभवात योजना फसते ती बहुधा इथेच. बी म्हणजे ३.०, बी मायनस २.७ आणि सी प्लस २.३ असा तक्ता बहुतेक ठिकाणी असतो. प्रत्येक विषय तीन क्रेडिटचा असल्यामुळे तुमचे श्रेणीगुण ९.०, ८.१ आणि ६.९, म्हणजे एकूण २४ होतात. त्यांना नऊने भागले की २.६७ येतात. नऊ क्रेडिटसाठी ३.० च्या सरासरीला २७ श्रेणीगुण लागले असते, म्हणजे तुम्ही ३ श्रेणीगुणांनी मागे आहात. पुढच्या सत्रात नऊ क्रेडिट घेतली तर एकूण अठरा क्रेडिटना ५४ श्रेणीगुण लागतील. हातात २४ आहेत, म्हणून त्या सत्रात ३० मिळवायचे आहेत आणि त्या सत्राची सरासरी ३.३३ यावी लागेल.

आता इथे थांबून पाहा. ‘तिन्ही विषयांत बी प्लस मिळवीन’ हे वाक्य ऐकायला पुरेसे वाटते. पण बी प्लस म्हणजे ३.३. तीन बी प्लसचे २९.७ श्रेणीगुण होतात आणि एकूण सरासरी २.९८ येते. बी प्लसला ३.३३ धरणाऱ्या विद्यापीठातही ती २.९९८ च येते. अशा वेळी वर उचलून ३.० करायची पद्धत सहसा नसते आणि तशी आशा धरून योजना आखू नये. दोन बी प्लस आणि एक ए मायनस मिळाले तर ३०.९ श्रेणीगुण होऊन सरासरी ३.०५ होते. एक ए मायनस, एक बी प्लस आणि एक बी मिळाले तर सरासरी नेमकी ३.० येते, पण त्यात घसरायला जागा उरत नाही. म्हणजे तुमचे लक्ष्य ‘दोन बी प्लस, एक ए मायनस’ असे असावे. तुमच्या उत्तरात हे नेमके लिहिलेले दिसले की वाचणाऱ्याला कळते की या विद्यार्थ्याला स्वतःची स्थिती समजली आहे.

दोनच विषय घेण्याचा विचार या गणिताला लावून पाहा. सहा क्रेडिट घेतली तर एकूण पंधरा क्रेडिटना ४५ श्रेणीगुण लागतात, म्हणजे त्या सहा क्रेडिटमध्ये २१ मिळवायचे आणि सरासरी ३.५ हवी. विषय कमी झाला की वेळ मिळतो हे खरे, पण प्रत्येक विषयात पट्टी वर जाते. दोन ए मायनस मिळाले तर हे साधते, एक ए मायनस आणि एक बी प्लस मिळाले तर नेमके ३.० वर येऊन थांबते, आणि दोन बी प्लस मिळाले तर साधत नाही.

याहून गंभीर अडचण एफ-१ च्या नियमांची आहे. तुमच्या विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्याला नऊ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ असेल, तर सहा क्रेडिट घेण्यासाठी डीएसओची परवानगी आधी घ्यावी लागते. शैक्षणिक अडचणीसाठी ही सवलत आहे, पण तिची कारणे मोजकी आहेत : सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, अमेरिकेतील अध्यापनपद्धतीची अनोळख आणि चुकीच्या पातळीचा विषय दिला जाणे. ती एका पदवी-पातळीवर एकदाच मिळते, तीतही किमान सहा क्रेडिट घ्यावी लागतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्णवेळ व्हावे लागते. परवानगीशिवाय विषय सोडला तर त्या दिवसापासून दर्जाचा भंग सुरू होतो. प्रोबेशनने जे बिघडले नव्हते ते या एका क्लिकने बिघडते.

नियमातील आणखी एक ओळ फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावरची अखेरची तारीख वाढवून घेण्यासाठी सबळ शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण लागते, आणि प्रोबेशन किंवा निलंबनामुळे झालेला उशीर हे मुदतवाढीचे मान्य कारण नाही, असे त्या नियमात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून योजना आखताना आय-२० समोर ठेवा. पदवीला तीस क्रेडिट लागत असतील आणि आय-२० दोन वर्षांचा असेल, तर नऊ, नऊ, नऊ आणि तीन असा हिशेब होतो. शेवटच्या सत्रात जागा मोकळी आहे आणि एखादा विषय पुन्हा केला तरी तो त्या मुदतीत बसतो. आय-२० सोळा किंवा अठरा महिन्यांचा असेल तर तो बसेलच असे नाही आणि हे आजच कळलेले बरे.

विषय पुन्हा करण्याचा प्रश्न इथेच येतो. विद्यापीठात नवी श्रेणी जुनीची जागा घेते, की दोन्ही मोजल्या जातात, हे आधी शोधा. जागा घेत असेल तर सी प्लसचे ६.९ गुण आणि त्याची तीन क्रेडिट हिशेबातून बाहेर जातात. मग सहा क्रेडिटना १७.१ गुण उरतात. पुढच्या सत्रात तो विषय आणि आणखी दोन असे नऊ क्रेडिट घेतले, तर पंधरा क्रेडिटच्या ४५ पैकी २७.९ मिळवायचे राहतात आणि सत्राची सरासरी ३.१ पुरते. एक बी प्लस आणि दोन बी मिळाले की तुम्ही बरोबर ३.० वर येता. दोन्ही श्रेणी मोजल्या जात असतील तर लक्ष्य पुन्हा ३.३३ च राहते. मात्र तो विषय गाभ्याचा असून त्यात बी लागत असेल तर तो करावाच लागेल, मग तो आधी केलेला चांगला, कारण त्याचा अभ्यास अजून ताजा आहे. पुन्हा घेतलेला विषय पूर्णवेळच्या नऊ क्रेडिटमध्ये धरला जाईल ना, हे डीएसओकडून लेखी घ्या. दुसऱ्या महाविद्यालयातून एखादा सोपा विषय करून ती क्रेडिट आणण्याची युक्तीही विद्यार्थी सुचवतात. बाहेरून आणलेली क्रेडिट साधारणपणे जीपीएमध्ये धरली जात नाहीत, म्हणून तिचा इथे उपयोग नाही.

आता कारणांकडे वळू, कारण समिती उत्तर वाचताना एकच जुळणी पाहते : सांगितलेले कारण आणि सुचवलेला उपाय एकमेकांना लागू पडतात का. ‘नवीन देश, घरची आठवण, अभ्यासाचा ताण’ हे सारे खरे असते, पण त्यावरून उपाय निघत नाही. कॅनव्हास किंवा तुमच्याकडे जी प्रणाली असेल ती उघडा आणि सी प्लस मिळालेल्या विषयाचे गुण घटकांनुसार कागदावर उतरवा. समजा अल्गोरिदम्सच्या विषयात गृहपाठाला तीस टक्के, मध्यसत्र परीक्षेला तीस आणि अंतिम परीक्षेला चाळीस टक्के भार आहे. अंतिम परीक्षेत वर्गाच्या सरासरीइतके गुण आहेत, पण आठ गृहपाठांपैकी तीन उशिरा दिल्याने त्यांचे गुण कापले गेले आणि एक दिलाच नाही, असे दिसले तर कारण हाती लागले. आपल्याकडे वर्षानुवर्षे शेवटच्या परीक्षेवर भिस्त ठेवून शिकलेल्या मुलांचे नुकसान इथे असेच होते. ऑक्टोबरमध्ये गेलेले गुण डिसेंबरच्या अभ्यासाने परत येत नाहीत. याउलट गृहपाठ उत्तम आणि परीक्षा वाईट असेल तर कारण वेगळे आहे. बहुधा गृहपाठ मित्रांबरोबर बसून झाले आणि स्वतःला सिद्धता लिहिता येत नाही, किंवा पूर्वीचा गणिताचा पाया कच्चा आहे. या दुसऱ्या दुखण्याला ‘वेळेचे नियोजन करीन’ हा उपाय लागू पडत नाही.

नोकरीचे तासही मोकळेपणाने मोजा. सत्र चालू असताना आवारातल्या कामाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे आणि पुष्कळ मुले ते वीसच्या वीस तास भोजनगृहात उभे राहून भरतात. भाडे त्यातूनच निघते, हे मला चांगले माहीत आहे. म्हणून महिन्याचा खर्च मांडल्याशिवाय ‘काम सोडून देईन’ असे लिहू नका. दहा तासांवर आणणे जमत असेल तर दहा लिहा, कारण पाळता न येणारे वचन फेब्रुवारीत मोडते आणि त्याबरोबर बाकीची योजनाही ढासळते. आजारपण किंवा मानसिक त्रास हे खरे कारण असेल, तर विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात आधी जा आणि डीएसओला सांगा. वैद्यकीय कारणासाठी कमी क्रेडिट घेण्याची तरतूद स्वतंत्र आहे आणि तिला डॉक्टरांचे किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचे पत्र लागते.

आता प्रत्यक्ष उत्तर. ते इंग्रजीत लिहायचे आहे आणि एका पानाच्या पुढे जाऊ नये. विषयाच्या ओळीत तुमचे नाव, विद्यार्थी क्रमांक आणि ‘प्रोबेशन योजना’ हे शब्द असावेत. मजकूर साधारण असा असावा, तो मराठीत देतो :

‘दिनांक अमुकच्या आपल्या पत्रानुसार मी प्रोबेशनवर आहे आणि वसंत सत्राअखेर माझा क्युम्युलेटिव्ह जीपीए ३.० होणे आवश्यक आहे, असे मी समजतो. माझे नऊ क्रेडिटना २४ श्रेणीगुण आहेत. अल्गोरिदम्समध्ये माझे बहुतेक नुकसान गृहपाठांत झाले : आठपैकी तीन उशिरा दिले आणि एक दिला नाही. त्या काळात मी आठवड्याला वीस तास काम करत होतो. वसंत सत्रात मी नऊ क्रेडिट घेणार आहे. त्यांत अल्गोरिदम्स पुन्हा घेत असून उरलेल्या दोन विषयांची पूर्वतयारी माझ्याकडे आहे. श्रेणी-बदलाच्या नियमानुसार मला एक बी प्लस आणि दोन बी लागतील. माझे लक्ष्य दोन बी प्लस आणि एक बी हे आहे, म्हणजे एका विषयात श्रेणी थोडी घसरली तरी अट पुरी होईल. कामाचे तास मी दहावर आणले आहेत. प्रत्येक गृहपाठ मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण करून अडलेला भाग प्राध्यापकांच्या ऑफिस अवरमध्ये विचारीन. पाचव्या आठवड्यात आणि मध्यसत्र परीक्षेनंतर मी माझे गुण घेऊन सल्लागारांना भेटेन. या दोन्ही भेटी ठरल्या आहेत. ही योजना मी सल्लागारांना दाखवली असून त्यांनी सुचवलेला बदल केला आहे.’

या मजकुरात माफी नाही, कोणत्याही प्राध्यापकाची तक्रार नाही आणि ‘मी खूप मेहनत करीन’ हे वाक्य नाही. दिलगिरीचे एक वाक्य घालावेसे वाटले तर घाला, एकच. कामाचे तास कमी ‘करीन’ असे न लिहिता ‘केले आहेत’ असे लिहिले आहे, कारण पत्र पाठवण्यापूर्वीच ते करून टाकायचे आहे. वडिलांनी किंवा मामांनी विद्यापीठाला ईमेल लिहू नये, हेही सांगून ठेवतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा संघीय कायदा आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय कार्यालय त्यांना तुमच्या श्रेणींबद्दल काही सांगणार नाही आणि समितीपुढे तुम्ही स्वतःची जबाबदारी घेतलेली दिसणार नाही.

उत्तर पाठवल्यावर पोचपावती मागा आणि होल्ड उठला का, ते नोंदणीच्या पानावर स्वतः पाहा. पोच आली म्हणजे होल्ड उठलाच असे नसते, कारण ते काम वेगळे कार्यालय करत असू शकते. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी, घ्यायचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आत्ताच विचारा. अनेक विद्यापीठे त्यासाठी गुड स्टँडिंगची, म्हणजे प्रोबेशनवर नसण्याची, अट घालतात आणि वसंत सत्राच्या श्रेणी मे महिन्यात लागतात. कंपनीला रुजू होण्याची तारीख देताना हे अंतर ध्यानात असावे. असिस्टंटशिप असेल तर तिच्या पत्रातली अटही वाचा.

सत्र सुरू झाल्यावर योजना बिघडते आहे की नाही, हे मध्यसत्र परीक्षेनंतर आकड्यांनी कळते. प्रत्येक विषयात आजवर मिळालेल्या गुणांवरून, हवी ती श्रेणी गाठण्यासाठी उरलेल्या भागात किती टक्के लागतील ते काढा. एखाद्या विषयात ते आजवरच्या तुमच्या टक्केवारीपेक्षा खूप वर गेले, तर विषय सोडण्याच्या अखेरच्या तारखेपूर्वी सल्लागार आणि डीएसओ या दोघांना भेटा. विषय सोडल्यावर लागणारा ‘डब्ल्यू’ जीपीएमध्ये येत नाही, पण त्याने तुम्ही पूर्णवेळच्या खाली जाता, म्हणून हा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. ‘इन्कम्प्लीट’ मागून अंतिम परीक्षा पुढे ढकलण्याचा मार्गही जपून वापरावा. सरासरी मोजली जाईल त्या दिवशी ती श्रेणी रिकामी असते आणि मुदतीत काम पुरे झाले नाही तर अनेक ठिकाणी ती आपोआप एफ होते.

मे महिन्यात ३.० गाठल्यावर प्रोबेशन उठल्याचे पत्र यायला हवे. ते आले नाही तर मागून घ्या, आणि अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट उघडून त्यावरची शैक्षणिक स्थिती बदलली आहे का तेही पाहा, कारण पुढचे सीपीटी किंवा असिस्टंटशिपचे अर्ज तपासणारा कर्मचारी तीच नोंद पाहणार आहे.